शांत दिवशी स्वतःला लिहिलेली चिठ्ठी: पॅनिक अटॅकच्या वेळी ती वाचता येते का?

अबोली_डोंबिवली (मंगळवार, रात्री १०:१२)

बरेच दिवस लिहायचं होतं, आज लिहितेच.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मला पहिला पॅनिक अटॅक आला, संध्याकाळच्या फास्ट लोकलमध्ये. माझी गाडी ठाण्यानंतर थेट डोंबिवलीला थांबते, मधे पंधरा-वीस मिनिटं उतरायचं म्हटलं तरी उतरता येत नाही. ठाणे सुटलं आणि अचानक छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, ओठ बधिर, आणि आता आपण इथेच पडणार मरणार असं इतकं पक्कं वाटलं की शेजारच्या बाईचा हात मी घट्ट धरून ठेवला होता. डोंबिवलीला नवऱ्याने थेट दवाखान्यात नेलं. ईसीजी झाला, रक्त तपासलं, दुसऱ्या दिवशी टूडी इको झाला, सगळं नॉर्मल. पुढे दोन महिन्यांत असं चार वेळा झालं तेव्हा सायकियाट्रिस्टकडे गेले, गोळी सुरू झाली आणि सोबत एका मॅडमकडे थेरपी.

मॅडम म्हणाल्या, बरं वाटत असेल त्या दिवशी स्वतःला एक चिठ्ठी लिहा, त्रास होईल तेव्हा वाचायला. मी एका रविवारी सकाळी चहा घेत, खिडकीत बसून, मस्त दीड पान लिहिलं. 'प्रिय अबोली, तू खूप धीराची आहेस, याआधीही तू सगळं निभावलं आहेस, घाबरू नकोस' वगैरे. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं इतकं मनापासून लिहिलं होतं.

दहा दिवसांनी गाडीत अटॅक आला आणि मी चिठ्ठी काढली. तीन ओळींच्या पुढे जाताच येईना. अक्षरं नुसती हलत होती. 'घाबरू नकोस' वाचून तर इतका राग आला! असं वाटलं की हे कोणीतरी दुसऱ्याच बाईने लिहिलंय, जिला काही माहीतच नाही काय होतं ते. चिठ्ठी चुरगाळून पर्समध्ये टाकली आणि अटॅक वाढला तो वाढलाच.

तुमच्यापैकी कोणी अशी चिठ्ठी लिहिली आहे का? त्यात काय लिहिलंत आणि ती वाचता आली का?

---

मंदार_७१ (मंगळवार, रात्री १०:४०)

ताई, चिठ्ठी कशाला, त्या वेळी वाचायचं भान कुणाला असतं. कागदी पिशवी तोंडाला लावायची आणि खोल खोल श्वास घ्यायचे. दहा मोठे श्वास घेतले की मेंदूला ऑक्सिजन मिळतो आणि माणूस शांत होतो. आमच्या ऑफिसमध्ये एका मुलीला व्हायचं तर आम्ही हेच करायचो, फरक पडायचा.

---

सुमेधा_प (मंगळवार, रात्री ११:२५)

मंदार, मुलीला मदत करायचात हे चांगलंच, पण यातली अर्धीच गोष्ट बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्याने नुकसान होऊ शकतं, म्हणून सविस्तर लिहिते. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, बरीच वर्षं हेच काम करते.

श्वासाकडे लक्ष द्यायचं हे बरोबर. पण अटॅकमध्ये ऑक्सिजन कमी पडलेलाच नसतो. माणूस भराभर श्वास घेतो आणि त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. अबोलीने लिहिलेल्या मुंग्या, बधिर ओठ, गरगरणं हे बहुतेक त्यातूनच येतं. अशा वेळी 'खोल श्वास घ्या' म्हटलं की माणूस आणखी जोरात ओढतो आणि मुंग्या वाढतात. घेण्यापेक्षा सोडणं हळू करायचं, नाकाने आणि बेताने, एवढंच. पिशवीचं म्हणाल तर तो जुना उपाय आहे आणि आता आम्ही तो सांगत नाही, कारण समोरच्याला खरंच हृदयाचा त्रास किंवा दमा असेल तर तोंडावर पिशवी धरणं धोक्याचं आहे.

आता चिठ्ठीचं. अबोली, तुमची चिठ्ठी का चालली नाही याचं कारण माझ्या मते तुमच्याच वाक्यात आहे, 'कोणीतरी दुसऱ्याच बाईने लिहिलंय'. रविवारी सकाळी चहा पिताना आपण खरंच दुसरी बाई असतो. घाबरलेल्या माणसाला घाबरल्याचेच प्रसंग आठवतात, शांत दिवस आठवतच नाहीत, आणि शांत असताना भीती नेमकी कशी होती ते आठवत नाही. चिठ्ठी या दोघींच्या मधे कुठेतरी लिहायला हवी. मी लोकांना सांगते, अटॅक आलेल्या दिवशी नको आणि महिन्याने नको, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिहा. तेव्हा हात थरथरत नसतो, पण ओठ कुठे बधिर झाले होते ते अजून नीट आठवत असतं.

---

नलूमावशी (बुधवार, सकाळी ७:०५)

मला नीट कळलं नाही की ही चिठ्ठी आजारपणाची आहे की नुसती मनाची, पण आमच्या घरातलं सांगते. आमच्या ह्यांना डायबिटीस आहे, इन्सुलिन घेतात. शुगर एकदम उतरली की त्यांना घाम सुटतो, हात कापतात आणि मुख्य म्हणजे डोकंच चालत नाही. समोर साखरेचा डबा असतो आणि ते म्हणतात मला काही झालेलं नाही, उगाच कटकट करू नकोस, चिडतात माझ्यावर. एकदा मी माहेरी गेले होते आणि ते एकटे असताना असं झालं, नशिबाने शेजारी आले. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या हाताने, बरं असताना, एक कागद लिहून फ्रीजवर लावलाय, मोठ्या अक्षरात. 'आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून पी. मग खुर्चीत बस. पंधरा मिनिटांनी मशीनवर बघ. सत्तरच्या खाली असेल तर पुन्हा साखर. मला काही झालेलं नाही असं वाटत असेल तरी साखर घे.' ती शेवटची ओळ त्यांनी आपणहून लिहिली, मी सांगितली नव्हती. स्वतःचं अक्षर असल्यामुळे ऐकतात, माझं ऐकत नाहीत.

विषय हाच होता का? नसेल तर माफ करा.

---

सुमेधा_प (बुधवार, सकाळी ९:३०)

नलूमावशी, विषय अगदी हाच आहे! तुमच्या यजमानांची चिठ्ठी फार चांगली आहे. प्रत्येक ओळ हाताला काम देते, धीर देत बसत नाही. आणि शेवटची ओळ तर त्या वेळी डोकं नेमकं काय म्हणणार आहे ते आधीच ओळखून त्याला उत्तर देते. अबोली, तुमचं डोकं त्या वेळी नेमकं कोणतं वाक्य म्हणतं ते आठवा आणि तेच वाक्य चिठ्ठीत जसंच्या तसं घाला.

---

विक्रांत_म (बुधवार, दुपारी १:१५)

मी थोडं वेगळं सांगतो, कोणाला पटो न पटो. मला सहा वर्षांपूर्वी हाच त्रास होता. डॉक्टरांनी एक गोळी दिली होती, फारच झालं तर घ्या म्हणून. दोनदा घेतली असेन. पण ती स्ट्रिप मी जवळजवळ तीन वर्षं खिशात घेऊन फिरलो. तारीख उलटून गेली, फॉइल फाटलं, तरी खिशात. एकदा पुण्याहून नाशिकला निघालो आणि नारायणगावला लक्षात आलं की स्ट्रिप घरी राहिली, तर मी गाडी वळवून परत आलो. बहिणीचा साखरपुडा होता. त्या दिवशी कळलं की मी गोळीवर नाही, खिशावर अवलंबून आहे. चिठ्ठीचंही तेच होणार. आज पर्समध्ये, उद्या पर्स नसली की घराबाहेर पाऊल नाही. माझ्या मते अशी कुबडी लागूच द्यायची नाही.

---

रानफूल (बुधवार, दुपारी ३:५०)

माझा त्रास वेगळा आहे, डिप्रेशनचा, तो पंधरा मिनिटांत जात नाही, आठवडे चालतो. मी पण बऱ्या दिवसांत स्वतःला पत्र लिहिलं होतं, कपाटात साड्यांखाली ठेवलं होतं. वाईट दिवसात काढलं तर वाटलं की बघ, ही बाई किती आनंदी होती आणि आता तू काय झालीस. उलट वाईटच वाटलं. मग परत वाचलं नाही. माझ्या वाईट दिवसांत कधीकधी नको ते विचारही येतात. सध्या नाहीत, सध्या बरी आहे, म्हणून तर विचारतेय. अशा वेळेसाठी चिठ्ठीचा उपयोग होतो का?

---

सुमेधा_प (बुधवार, संध्याकाळी ६:१०)

रानफूल, तुम्ही बरं असताना विचारलंत हे फार चांगलं केलंत, कारण हे काम बरं असतानाच करायचं असतं. तुमच्या त्रासासाठी पत्राचा प्रकार वेगळा. ते पत्र नकोच, आनंदाचं वर्णन तर अजिबात नको. एक कागद, आणि तो एकटीने लिहायचा नाही, तुमच्या डॉक्टर किंवा थेरपिस्टबरोबर बसून लिहायचा. सुरुवातीला तुमची चाहूल कशी लागते ते, म्हणजे फोन न उचलणं, अंघोळ टाळणं, पहाटे तीनला जाग, जे तुमचं असेल ते. मग एकटीला करता येईल असं एखादं काम. मग कोणाकडे जाऊन नुसतं बसायचं त्यांचं नाव, आणि ज्यांना खरं काय चाललंय ते सांगायचं त्यांचं नाव आणि नंबर. शेवटी डॉक्टरांचा नंबर, आणि टेलिमानसचा १४४१६, तो सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. आणि एक काम कागदाच्या बाहेरचं. घरात ज्या वस्तूची तुम्हाला त्या दिवसांत भीती वाटते, साठवलेल्या गोळ्या असोत किंवा आणखी काही, ती आत्ता बरं असताना दुसऱ्याच्या ताब्यात द्या. या सगळ्यात हेच सर्वात महत्त्वाचं काम आहे. आणि विचार परत आले तर कागद वाचत बसू नका, लगेच फोन करा. त्या माणसांनाही आजच सांगून ठेवा की तुमचं नाव मी लिहून ठेवलंय.

विक्रांत, तुमचा मुद्दा खरा आहे, मी तो टाळणार नाही. रात्री लिहिते.

---

रानफूल (बुधवार, संध्याकाळी ७:३०)

भावाला सांगितलं आत्ता. तो गप्प झाला होता थोडा वेळ, मग म्हणाला रात्री दोनला पण कर. गोळ्यांचा डबा उद्या वहिनी घेऊन जाणार आहे. शुक्रवारी डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहेच, तेव्हा कागदाचं बोलते.

---

सुमेधा_प (बुधवार, रात्री १०:५०)

रानफूल, खूप बरं वाटलं वाचून. शुक्रवारनंतर नक्की कळवा.

विक्रांत, चिठ्ठी कुबडी झाली का हे ओळखायला मी एकच प्रश्न विचारते. चिठ्ठी घरी विसरली तर गाडी पकडाल का? नाही म्हणालात तर झाली कुबडी. आणखी एक खूण म्हणजे चिठ्ठी किती वेळा वाचली जाते. एकदा वाचून त्यातलं काम केलं तर ठीक, पण 'मला काही होणार नाही ना' म्हणून एकाच अटॅकमध्ये वीस वेळा वाचली तर ती फक्त खात्री करून घेणं आहे, आणि खात्रीची भूक वाढतच जाते. म्हणून 'तुला काही होणार नाही' असं आश्वासन चिठ्ठीत घालायचंच नाही. काम घालायचं, आणि मागच्या वेळी प्रत्यक्ष काय झालं ते घालायचं.

---

अबोली_डोंबिवली (पुढच्या रविवारी, दुपारी १२:२०)

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुवारी संध्याकाळी गाडीत परत अटॅक आला, आणि शुक्रवारी संध्याकाळी मी ओट्याजवळ उभी राहून नवी चिठ्ठी लिहिली. पासच्या कव्हरमध्ये मावेल एवढ्या जाड कार्डावर, काळ्या स्केचपेनने, सुटी सुटी मोठी अक्षरं. मधे दोनदा खोडलं, कारण आपोआप 'तू धीराची आहेस' लिहायला जात होते. आता अशी आहे:

'घड्याळ बघ. वेळ मागे लिही.
मुंग्या आल्यात कारण तू भराभर श्वास घेतेयस. हळू सोड.
पाय टेकव. पर्स मांडीवर घे, हात सोड.
ह्या वेळी खरंच काहीतरी झालंय असं वाटतंय ना? गुरुवारीही हेच वाक्य होतं.
ठाण्याला उतरू नकोस.'

चौथी ओळ सुमेधाताईंनी सांगितली तशी, माझं डोकं दर वेळी शब्दाला शब्द हेच म्हणतं की आधीचे सगळे खोटे होते, ह्या वेळी खरं आहे. आणि पाचवी ओळ कारण मी दोनदा ठाण्यालाच उतरून रिक्षाने घरी गेले होते. तेव्हा लगेच बरं वाटलं होतं, पण दुसऱ्या दिवशी गाडीत चढताना पाय जड झाले.

कार्डाच्या मागे पेन्सिलने दोन रकाने केलेत, कधी सुरू आणि कधी उतरायला लागलं. गुरुवारचं आठवून लिहिलंय, ८:३८ आणि ८:५१. म्हणजे तेरा मिनिटं! मला विचारलं असतंत तर मी पाऊण तास सांगितला असता.

एक शंका आहे. ह्या चिठ्ठीवर मी इतका विश्वास ठेवला आणि एक दिवस खरंच हार्टचं काही असलं तर?

---

मंदार_७१ (रविवार, दुपारी २:००)

हेच मला विचारायचं होतं. माझ्या मेव्हण्याला गॅस आहे गॅस आहे म्हणत घरी ठेवलं होतं आणि निघालं भलतंच. आणि पिशवीचं मला माहीत नव्हतं, ऑफिसमध्ये उद्या सांगतो.

---

सुमेधा_प (रविवार, दुपारी ४:४५)

ह्या प्रश्नासाठी चिठ्ठीला एक ओळ हवीच, आणि ती मी सांगणार नाही. तुमच्या फिजिशियनकडे जा, तुमचे रिपोर्ट त्यांनी बघितलेत, त्यांच्या शब्दांत ती ओळ लिहून घ्या. साधारणपणे ते विचारतील की चालताना, जिना चढताना दुखणं वाढतं का, छातीवर दाब येऊन जबड्यात किंवा हातात जातं का, शुद्ध हरपली का. पण लक्षणांची सरमिसळ होते, धडधड आणि घाम दोन्हीकडे असतो, बायकांमध्ये तर हृदयाचा त्रास कधीकधी नुसती मळमळ आणि थकवा म्हणूनही येतो. त्यामुळे 'नेहमीपेक्षा वेगळं असेल तर चिठ्ठी बाजूला ठेव आणि मदत माग' एवढं तरी त्यात असायलाच हवं. आणि इथे वाचणाऱ्या ज्यांना हे पहिल्यांदाच होतंय त्यांनी चिठ्ठी लिहू नका, आधी ईसीजी काढा, रात्र असेल तर १०८ ला फोन करा. अबोलीची चिठ्ठी चालते कारण तिच्या मागे तपासण्या आहेत.

---

विक्रांत_म (रविवार, रात्री ९:१०)

अबोली, चिठ्ठी चांगली झालीय, मान्य. विशेषतः उतरू नकोस हे मला तेव्हा कोणीतरी सांगायला हवं होतं. पण सुमेधाताई, तुमचा प्रश्न मला स्वतःलाच विचारून बघितला. तेव्हा मला कोणी विचारलं असतं की स्ट्रिप विसरलास तर जाशील का, तर मी हो म्हणालो असतो, अगदी खरं वाटून. नारायणगाव येईपर्यंत मला माहीतच नव्हतं. मग विचारून काय उपयोग?

---

सुमेधा_प (रविवार, रात्री १०:००)

बरोबर आहे तुमचं, नुसतं विचारून भागत नाही, करूनच बघावं लागतं. मी सहसा अटॅक कमी झाल्यावर कधीतरी मुद्दाम चिठ्ठीशिवाय प्रवास करायला सांगते. पण तो दिवस कधी, हे प्रत्येकाचं वेगळं असतं आणि आमच्यातही यावर एकमत नाही. काहीजण पहिल्यापासून काहीच जवळ ठेवू देत नाहीत. मी ठेवू देते, कारण ज्या बाईने गाडीच सोडली असती ती चिठ्ठीमुळे गाडीत बसून राहिली तर ते मला जास्त मोलाचं वाटतं.

---

विक्रांत_म (रविवार, रात्री १०:२०)

मला अजून पहिल्यापासून काहीच नको हेच बरोबर वाटतं. पण अबोली, तू लिहीत राहा.

---

अबोली_डोंबिवली (तीन आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री ९:४०)

फिजिशियनकडून ओळ लिहून आणली, लाल पेनने सगळ्यात खाली आहे: 'चालल्यावर वाढणारं दुखणं, जबडा किंवा हात, चक्कर येऊन पडणं, किंवा वेगळंच काही: चिठ्ठी ठेव, शेजारणीला सांग, पुढच्या स्टेशनला मदत घे.' ती ओळ आल्यापासून वरच्या ओळींवर माझा विश्वास वाढलाय, हे मला आधी लक्षात आलं नव्हतं.

मागच्या रकान्यात आता पाच नोंदी आहेत. सगळ्यात लहान नऊ मिनिटं, सगळ्यात मोठी बावीस. तिसऱ्यांदा वाचताना मात्र चौथ्या ओळीतलं 'गुरुवारी' जुनं वाटायला लागलं, कुठला गुरुवार तेच आठवेना, म्हणून त्यावर पट्टी चिकटवून नवीन वार लिहिला. बहुतेक तो दर वेळी बदलावा लागणार.

काल मुद्दाम पास दुसऱ्या कव्हरमध्ये घातला आणि चिठ्ठी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. ठाणे सुटल्यावर सुरू झालंच. माझा हात आपोआप पासकडे गेला, कार्ड नव्हतं, आणि एक क्षण फार वाईट होता. शेजारी बसलेल्या काकू मेथी निवडत होत्या, त्यांच्याकडे पेन मागितलं आणि हातावरच ८:४० लिहिलं. पाय टेकवले. पुढच्या ओळी मला पाठ आहेत असं मला वाटत होतं, पण आठवली फक्त श्वासाची. तेवढी केली. मुंब्र्याच्या खाडीवरचा वारा आत आला तेव्हा अजून चालूच होतं. हातावर दुसरी वेळ ८:५६ आहे.

विक्रांत, आज चिठ्ठी परत आणलीय. सोमवारी काय करायचं ते अजून ठरलं नाही.

---

नलूमावशी (शनिवार, सकाळी ६:५०)

अबोली, त्या काकूंना सांगितलंस का पेन कशाला हवं होतं ते?

---

अबोली_डोंबिवली (शनिवार, सकाळी ८:१५)

हो मावशी. उतरताना सांगितलं. त्या म्हणाल्या, मी रोज ह्याच डब्यात असते, दाराजवळच्या बाकावर.